वॉल मिक्सरचा डायव्हर्टर: पाणी वरच्या शॉवरला की हँड शॉवरला, आणि दोन्हीकडून आलं तर काय (नेहमी विचारले जाणारे प्रश्न)

खाली जे लिहिलंय ते भिंतीच्या बाहेर बसवलेल्या थ्री-इन-वन वॉल मिक्सरबद्दल आहे, म्हणजे डावीकडे गरम, उजवीकडे गार, खाली तोटी, वर बेंड पाईपने जोडलेला ओव्हरहेड शॉवर आणि बाजूला हुकावर टांगलेला हँड शॉवर. आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये बहुतेक हाच असतो. भिंतीत गाडलेल्या डायव्हर्टरबद्दल थोडं शेवटी आहे.

डायव्हर्टर म्हणजे मिक्सरमधला नेमका कुठला भाग?

गरम आणि गारच्या दोन नॉबच्या मधे जो तिसरा नॉब किंवा बटण असतं तो. बऱ्याच थ्री-इन-वन मॉडेलमध्ये दोन डायव्हर्टर असतात, एक ठरवतो की पाणी तोटीला जाणार की शॉवरकडे, आणि दुसरा, जरा छोटा, ठरवतो की शॉवरकडे आलेलं पाणी वर जाणार की हँड शॉवरच्या पाईपात. काही मॉडेलमध्ये हे सगळं एकाच नॉबवर असतं. त्यामुळे तक्रार करायच्या आधी एकदा नीट फिरवून बघा कुठला नॉब काय करतो ते, कारण प्लंबरला फोनवर "मधला नॉब खराब झालाय" असं सांगितलं की तो चुकीचा पार्ट घेऊन येतो आणि तुमची आणि त्याची दोघांची चक्कर फुकट जाते.

आत नक्की होतं काय? पाणी वळतं कसं?

गरम आणि गार पाणी आपापल्या स्पिंडलमधून मिक्सरच्या बॉडीत मधल्या पोकळीत येतं आणि तिथे मिसळतं. या पोकळीतून पुढे दोन वाटा निघतात. प्रत्येक वाटेच्या तोंडाशी पितळेची गोल कड असते, तिला सीट म्हणतात. दोन सीटच्या मधे एक रबरी वायसर असतो जो डायव्हर्टरच्या दांडीवर म्हणजे स्पिंडलवर बसवलेला असतो. नॉब फिरवला की दांडी आत किंवा बाहेर सरकते, वायसर एका सीटवरून उठतो आणि समोरच्या सीटवर जाऊन दाबून बसतो. रेल्वेचा सांधा बदलतो तसंच, एक वाट बंद झाली की दुसरी आपोआप उघडी.

यातली महत्त्वाची गोष्ट अशी की डायव्हर्टर पाणी बंद करायला बनवलेलाच नाही, तो फक्त वाट निवडतो. पाणी बंद करायचं काम गरम-गारच्या स्पिंडलचं. नॉब अर्धवट मधे ठेवला तर वायसर दोन्ही सीटपासून लांब राहतो आणि दोन्हीकडून पाणी येतं, हा बिघाड नाही, नॉब शेवटपर्यंत फिरलेला नाही एवढंच.

सगळ्या मिक्सरमध्ये असाच वायसर असतो का?

नाही. साधारण तीन प्रकार दिसतात. एक वर सांगितलेला, फिरवायचा आणि वायसरवाला. दुसरा सिरॅमिक डिस्कचा, त्यात दोन गुळगुळीत चकत्या एकमेकींवर घासून बसलेल्या असतात, एक स्थिर आणि एक फिरती, आणि फिरत्या चकतीचं भोक ज्या भोकासमोर येईल त्या वाटेने पाणी जातं. हा हलका फिरतो, पाव-अर्ध्या फेरीत काम होतं, आणि जास्त टिकतो, पण रेती त्याची दुश्मन आहे. चकतीवर एकदा ओरखडा पडला की दुरुस्ती नाही, चकत्या ज्यात बसवलेल्या असतात तो अख्खा भाग, म्हणजे कार्ट्रिज, बदलायचं.

तिसरा ओढायच्या बटणाचा. बटण ओढलं की आतला वायसर उचलला जाऊन तोटीची वाट बंद करतो आणि पाणी शॉवरकडे जातं. याच्यात स्प्रिंग असते. बटण वर टिकून राहतं ते पाण्याच्या दाबामुळे, आणि नळ बंद केला की दाब गेला, स्प्रिंगने बटण परत खाली येतं. त्यामुळे दुसऱ्या दिवशी नळ सोडला की पाणी आधी बादलीत येतं, डोक्यावर गार धार पडत नाही.

बटण ओढलं तरी टिकत नाही, धरून ठेवावं लागतं. खराब झालंय का?

आधी बघा तुम्ही कितव्या मजल्यावर राहता. दाब कमी असेल तर स्प्रिंग जिंकते आणि बटण खाली पडतं, वस्तू एकदम नवी असली तरी. दोन्ही नळ पूर्ण उघडून बघा, तेव्हा टिकत असेल आणि नळ अर्धा केला की पडत असेल तर डायव्हर्टर ठीक आहे, दाबच कमी आहे. हिवाळ्यात फक्त गरमचा नळ उघडल्यावर पडत असेल तर गिझरकडून येणारी धार बारीक असणार, तिकडे बघा.

पूर्ण धारेला पण पडत असेल, आणि आधी व्यवस्थित टिकायचं, तर मग दांडीवर क्षार साचलाय किंवा वायसर झिजलाय. हे उघडून साफ करता येतं.

ओव्हरहेडवर ठेवलं तरी हँड शॉवरमधून पण पाणी गळतं. हे का होतं?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर लिहितो. कारणं तशी दोनच असतात, सीटवर काहीतरी अडकलंय (क्षाराचा कपचा, रेतीचा कण, टेफ्लॉन टेपचा तुकडा, गंजाची खपली) किंवा वायसरच्या रबराला सीटच्या कडेने खोलगट रेघ पडून तो नीट दबत नाही. टाकी धुतल्यावर किंवा दोन दिवस पाणी बंद राहून परत आल्यावर एकदम सुरू झालं असेल तर कचरा समजा. हळूहळू वाढत गेलं असेल तर रबर.

पण हे दिसतं किती, ते उंचीवर अवलंबून आहे आणि इथे बरेच लोक फसतात. आमच्या सोसायटीत वरच्या मजल्यावरच्या काकूंकडचं उदाहरण घेऊ. छत दहा फुटांवर, ओव्हरहेड शॉवर सात फुटांवर, स्लॅबवर तीन फुटी ओट्यावर टाकी. म्हणजे शॉवरपासून टाकीच्या तळापर्यंत साधारण साडेसहा फूट, दोन मीटर. दहा मीटर पाण्याचा दाब जवळपास एक बार, तर दोन मीटरचा 0.2 बार, आणि तो सुद्धा टाकीच्या तळापासून धरलेला, पाईपात जे जातं ते वेगळंच. आता हँड शॉवर बादलीत सोडलेला असेल, जमिनीपासून फूटभर, तर त्याला साडेबारा फुटांचा म्हणजे 0.38 बार दाब मिळतो, वरच्यापेक्षा जवळपास दुप्पट. साहजिकच पाण्याला खालची वाट सोपी. डायव्हर्टरमध्ये जराशी फट राहिली तरी खालून भराभर पाणी जातं आणि वरून नुसती रिमझिम.

त्यांच्याकडे नॉब ओव्हरहेडवर पूर्ण फिरवून हँड शॉवरखाली लिटरचा मग धरला तर तो चाळीस सेकंदांत भरत होता, म्हणजे मिनिटाला दीड लिटर वाया. मग हँड शॉवर हातात धरून ओव्हरहेडच्या उंचीला नेला तेव्हा गळती एकदम कमी झाली. एवढ्यावरून कळलं की वाट पूर्ण उघडी नाहीये, फट बारीक आहे. उघडल्यावर वायसरच्या कडेला पांढरा क्षाराचा कपचा चिकटलेला, नखाने निघाला, आणि त्याच्या खाली रबरात अर्धचंद्रासारखा खड्डा पडला होता. कपचा काढून वायसर नवा घातल्यावर हँड शॉवरमधून पाईपातलं उरलेलं पाणी तेवढं ठिबकलं आणि थांबलं. मिक्सर बदलायचं कोटेशन त्यांनी आधीच घेऊन ठेवलं होतं ही गोष्ट वेगळी.

उलटं होत नाही, म्हणजे हँड शॉवरवर ठेवलं की वरून गळत नाही. मग ती बाजू चांगली आहे ना?

असं लगेच म्हणता येत नाही. हँड शॉवर उघडा आणि खाली असेल तर पाण्याला वर चढायचं कारणच नसतं, त्यामुळे वरच्या बाजूच्या सीटची गळती लपून राहते. तपासायचं असेल तर हँड शॉवर डोक्याच्या वर, ओव्हरहेडच्या पातळीला धरा आणि नळ पूर्ण उघडा. तेव्हा वरून थेंब पडायला लागले तर ती बाजू पण गेलीय.

नळ बंद केला तरी ओव्हरहेडमधून टपटप चालूच. डायव्हर्टर बदलू का?

थांबा जरा. शॉवरच्या थाळीत आणि आडव्या दांडीत पाणी साचून राहतं, ते काही मिनिटं ठिबकणारच, मोठी थाळी असेल तर जास्त वेळ. याच्यासाठी काहीच बदलायची गरज नाही.

तासाभराने पण चालू असेल तर एक सोपी चाचणी करा, डायव्हर्टर फिरवून हँड शॉवरवर न्या. ठिबक पण हँड शॉवरकडे गेली तर दोष डायव्हर्टरचा नाहीच, गरम किंवा गारचा स्पिंडल पूर्ण बंद होत नाहीये आणि डायव्हर्टर बिचारा आलेलं पाणी सांगितलेल्या वाटेला पाठवतोय. कुठला ते शोधायला गिझरच्या गार पाण्याचा कॉक बंद करा, ठिबक थांबली तर गरमवाला, नाही तर गारवाला. ठिबकीसाठी डायव्हर्टर बदलून घेतलेले आणि तरी ठिबक चालूच असलेले लोक भरपूर आहेत.

नॉब खूप जड फिरतो, पक्कड लावू का?

नको! बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्यात क्षार असतो, तो दांडीवर आणि आट्यांत जमतो, आणि महिनोन्‌महिने एकाच बाजूला ठेवलेला डायव्हर्टर तर अगदी जखडतो. पक्कड लावली की आधी क्रोम जातं, मग नॉबच्या आतले दाते जातात, आणि जास्तच जोर केला तर पितळी दांडी तुटून आत राहते, मग मात्र अख्खा मिक्सर काढावा लागतो. उघडून क्षार विरघळवणं हाच उपाय. आणि जखडू नये म्हणून अधूनमधून दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवत जा, वरचा शॉवर वापरत नसाल तरी.

नॉब गरागरा फिरतो पण पाणी हलत नाही.

हे उलट सोपं आहे. नॉबचा मधला स्क्रू ढिला झालाय किंवा नॉबच्या आतले प्लास्टिकचे दाते घासून गेलेत, त्यामुळे नॉब फिरतो आणि दांडी जागेवर. टोपी काढून स्क्रू आवळा. दाते गेले असतील तर फक्त नॉब मिळतो.

नॉबच्या मानेतून पाणी पाझरतं.

पाणी चालू असतानाच पाझरत असेल आणि बंद केल्यावर थांबत असेल तर दांडीवरची ओ-रिंग गेलीय. वायसर ठीक असू शकतो. ओ-रिंग अगदी स्वस्तातली वस्तू, पण मापाची लागते, म्हणून जुनी बरोबर न्या. बसवताना सिलिकॉन ग्रीस लावा. खोबरेल तेल, व्हॅसलिन, गाडीचं ग्रीस असलं काही लावू नका, नळातलं बरंचसं रबर पेट्रोलियमच्या ग्रीसने फुगतं आणि मग नॉब परत जड.

घरी उघडता येतो का? कसा?

वायसरवाला आणि कार्ट्रिजवाला दोन्ही येतात, फक्त घाई नको.

आधी गिझरचं बटण बंद, मग गरम आणि गार दोन्हींचे कॉक बंद. बाथरूमचा वेगळा कॉक नसेल तर गच्चीवरचा वॉल बंद करावा लागेल, शेजाऱ्यांची लाईन त्याच्यावर नाही ना ते बघा. दोन्ही नळ उघडून पाईपातलं पाणी काढून टाका. मोरीच्या जाळीवर फडकं टाका, स्क्रू तिथेच जातो, हमखास.

नॉबवरची छोटी टोपी पातळ ब्लेडने उचला, खाली स्क्रू असेल. काहींना टोपी नसते, नॉबच्या खालच्या बाजूला ॲलन कीचा बारीक स्क्रू असतो. नॉब ओढून काढा, त्यामागची क्रोमची बाही हाताने फिरवून काढा. आता पितळी नट दिसेल. वायसरवाला असेल तर नट सोडायच्या आधी दांडी मधल्या स्थितीत आणा, म्हणजे वायसर कुठल्याच सीटवर दाबलेला राहत नाही आणि बाहेर काढताना फाटत नाही. मग मापाच्या पान्याने डावीकडे सोडवा. काय कशानंतर निघालं त्याचा मोबाईलवर फोटो काढत जा.

बाहेर आलेला भाग व्हिनेगरमध्ये किंवा लिंबूसत्वाच्या पाण्यात अर्धा तास बुडवा, पण त्याच्यावरचं रबर आधी काढून ठेवा. नंतर जुन्या टूथब्रशने घासा आणि धुवा. फरशी धुवायचं ॲसिड अजिबात नको, क्रोम काळं पडतं आणि पितळ खातं. आत बोट घालून सीटची कड चाचपा, गुळगुळीत लागली पाहिजे. खरबरीत लागली पण नखाने निघत असेल तर तो क्षार, ओल्या कपड्याने पुसा. खरोखर खड्डा पडलेला असेल तर नवा वायसर पण फार दिवस टिकणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

बसवायच्या आधी उघड्या भोकावर फडकं धरून गारचा कॉक दोन-तीन सेकंद सोडा, आतला कचरा बाहेर येतो. हे न करता बसवलं तर तोच कण नव्या वायसरखाली जाऊन बसतो. मग हाताने आटे बसवा, हाताने जाईल तितकं, आणि शेवटी पान्याने थोडंच. नळ उघडा ठेवून कॉक हळूहळू सोडा.

पार्ट कुठला मागायचा?

जुना पार्ट हातात घेऊन जा, नाव सांगून उपयोग नाही. दांडीची लांबी, आट्यांचं माप, वरच्या दात्यांची संख्या, तिन्ही जुळलं पाहिजे. एका दात्याचा फरक असला तरी नॉब बसत नाही. ब्रँडचा मिक्सर असेल आणि बिल सापडत असेल तर आधी कंपनीच्या सर्व्हिसला फोन करा, कार्ट्रिजवर बऱ्याचदा काही वर्षांची वॉरंटी असते आणि आपण ते विसरून बाहेरून पैसे घालतो.

हँड शॉवरच्या हँडलवरचं बटण दाबून पाणी बंद केलं तर चालतं ना? वरचे नळ चालूच ठेवतो.

साबण लावेपर्यंत मिनिटभर ठीक, पण तसंच सोडून जाऊ नका. मिक्सरमध्ये गरम आणि गारच्या लाईनी उघड्या आहेत आणि पुढची वाट बंद, म्हणजे दोन्ही लाईनी बॉडीतून एकमेकींना जोडल्या गेल्या. ज्या बाजूचा दाब जास्त ती दुसऱ्या बाजूत घुसते. गारच्या लाईनला प्रेशर पंप असेल आणि गरमची नुसती टाकीच्या उतारावर असेल तर गार पाणी गरमच्या लाईनमध्ये शिरतं आणि स्वयंपाकघरात गरमचा नळ सोडला की कोमट येतं. उलट झालं तर फ्लशच्या टाकीत गरम पाणी. लोक गिझरवाल्याला बोलावतात आणि गिझर एकदम ठणठणीत असतो. शिवाय हँड शॉवरच्या लवचिक पाईपवर सतत दाब राहून तो नटाजवळ फुटतो. नेहमी असंच वापरायचं असेल तर मिक्सरच्या दोन्ही इनलेटला नॉन-रिटर्न वॉल, म्हणजे पाणी उलटं जाऊ न देणारे वॉल, लावून घ्या.

दोन्ही शॉवरची धार एकदम बारीक झालीय, डायव्हर्टर चोक झाला का?

तोटीची धार बघा. तोटी जोरात आणि शॉवर बारीक, तर शॉवरच्या थाळीची भोकं किंवा हँड शॉवरच्या नटातली जाळी बघा, मग डायव्हर्टर. तोटी पण बारीक असेल तर मिक्सर भिंतीला जोडणाऱ्या नटात जाळीचा वायसर असतो (सगळ्यांत नसतो), तिथे रेती अडकलेली असते. फक्त गरम बारीक असेल तर डायव्हर्टरचा संबंधच नाही, तो मिसळलेल्या पाण्यावर काम करतो.

भिंतीतल्या डायव्हर्टरला हेच सगळं लागू होतं का?

आतलं काम तेच, कार्ट्रिज समोरची प्लेट काढून निघतं. पण तिथे गळती बाहेर दिसतेच असं नाही, भिंतीतल्या भिंतीत मुरते आणि खालच्या फ्लॅटच्या छताला ओल येते तेव्हा कळतं. प्लेटच्या कडेने पाणी येत असेल, फरशीच्या सांध्यातून ओल दिसत असेल, तर स्वतः प्रयोग न करता कॉक बंद करून प्लंबरला बोलवा, आणि फरशी फोडायच्या आधी कार्ट्रिज काढून ओ-रिंग तपासायला सांगा.